शटलची सूचना : वेळ कुठली, अंतर कुठून?

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत असलेल्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी पहिल्यांदाच शटल सुरू केली. बस चांगली होती, ठेकेदार अनुभवी होता, मार्गही विचारपूर्वक आखलेला होता. गडबड झाली ती एका पानाच्या सूचनेमुळे. ती सूचना, तिच्यामुळे पहिल्या आठवड्यात जे झालं ते आणि नंतर ती कशी बदलली, हे सविस्तर मांडतो आहे. मी तेव्हा त्याच कंपनीत प्लॅनिंग विभागात होतो आणि दुसऱ्या आठवड्यात ॲडमिनच्या मदतीला मला बसवलं होतं. ज्याला उद्या अशी सूचना काढायची आहे, त्याला यातले आकडे उपयोगी पडतील असं वाटतं.

मूळ सूचना अशी होती :

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, सोमवार दिनांक ३ पासून रेल्वे स्टेशन ते कंपनी अशी शटल सेवा सुरू होत आहे. पिकअप पॉइंट, अंतर व वेळ खालीलप्रमाणे. परतीची बस सायं. ६:१५ वाजता. दुसऱ्या पाळीसाठी सोमवार ते शुक्रवार रात्री १२:१५ वाजता. सर्वांनी लाभ घ्यावा."

| पिकअप पॉइंट | अंतर (किमी) | वेळ |
|---|---|---|
| रेल्वे स्टेशन | – | ८:१५ |
| बाजार चौक | १.६ | ८:१८ |
| सरकारी रुग्णालय | २.४ | ८:२३ |
| उड्डाणपूल | ३.० | ८:२९ |
| पाण्याची टाकी | ४.५ | ८:३८ |
| वसाहतीची कमान | ५.० | ८:४८ |
| कंपनी गेट | ३.५ | ८:५५ |

वरवर पाहिलं तर यात काही कमी नाही. सात ओळी, तीन रकाने, सुटसुटीत. पण यातला प्रत्येक रकाना वाचणाऱ्याने स्वतःच्या समजुतीप्रमाणे वाचला आणि दर वेळी ती समजूत लिहिणाऱ्याच्या मनातली नव्हती.

अंतर नेमकं कुठून मोजायचं

पहिली तक्रार बस सुरू होण्याआधीच आली. सूचना फलकावर लागली त्याच दुपारी स्टोअरमधल्या एक ताई ॲडमिनच्या टेबलाशी आल्या. "सर, मी टाकीपाशी राहते. टाकीपासून कंपनी साडेचार किलोमीटर कधीपासून झाली? मी रोज गाडीवर येते, साडेआठ होतात."

ताईंचं बरोबर होतं आणि सूचनाही खोटी नव्हती. तक्त्यातला ४.५ हा आकडा उड्डाणपुलापासून टाकीपर्यंतचा, म्हणजे आधीच्या थांब्यापासूनचा होता. ठेकेदाराने मार्गाचा कागद दिला त्यात दोन थांब्यांमधलं अंतर होतं, तेच जसंच्या तसं उतरवलं गेलं. ड्रायव्हरला आणि ठेकेदाराला तेच अंतर लागतं. कर्मचाऱ्याला ते कशालाच लागत नाही. तो "अंतर" वाचताना "माझ्या थांब्यापासून कंपनीपर्यंत" असंच वाचतो.

ही नुसती समजुतीची गोष्ट असती तर सांगून मिटली असती. पण शटलसाठी पगारातून होणारी कपात अंतराच्या टप्प्यावर ठरणार होती. दहा किलोमीटरपर्यंत एक टप्पा, त्यापुढे दुसरा. आता पाण्याची टाकी बघा. आधीच्या थांब्यापासून ती साडेचार किलोमीटरवर आहे. रेल्वे स्टेशनपासून, म्हणजे बस जिथून निघते तिथून, साडेअकरा किलोमीटरवर आहे. आणि कंपनीच्या गेटपासून साडेआठ. एकाच थांब्याला तीन खरे आकडे आहेत. त्यातले दोन एका टप्प्यात बसतात आणि तिसरा दुसऱ्या. पगार विभागाने "मार्गावरचं अंतर" असं समजून साडेअकरा धरलं होतं आणि टाकीवरून चढणाऱ्या सगळ्यांना वरचा टप्पा लावायची तयारी केली होती. ताई विचारायला आल्या नसत्या तर ही चूक महिनाअखेरीला पगाराच्या चिठ्ठीत दिसली असती.

दुरुस्ती सोपी होती. दोन थांब्यांमधली अंतरं उलट्या बाजूने, गेटपासून मागे बेरीज करत न्यायची. कमान ३.५, टाकी ८.५, उड्डाणपूल १३, रुग्णालय १६, बाजार चौक १८.४ आणि स्टेशन २०. रकान्याचं नाव "अंतर" न ठेवता "कंपनी गेटपर्यंत, सकाळच्या मार्गाने" असं पूर्ण लिहायचं.

"सकाळच्या मार्गाने" हे शब्द मुद्दाम घातले. शहरातल्या रस्त्यांवर जायचं आणि यायचं अंतर क्वचितच सारखं असतं. या मार्गावर बाजार चौकातला रस्ता एकेरी होता, त्यामुळे संध्याकाळी बस वळसा घालून जायची आणि परतीचा मार्ग २१.२ किलोमीटर भरायचा. कपातीचा टप्पा कुठल्या मार्गाच्या अंतरावर ठरतो हे एकदा लिहून टाकलं की वाद उरत नाही. आणि हे अंतर बसच्या मीटरवर मोजलेलं हवं. नकाशावर दोन बिंदू जोडून येणारी सरळ रेषा नेहमीच कमी भरते, कारण बस रेषेवरून जात नाही.

वेळेचा रकाना

सोमवारी बस वेळेवर सुटली. बरोबर सव्वाआठला. तरी गेटवर पोचायला ९:०४ झाले आणि सगळी बस लेट पंचिंगमध्ये गेली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. ॲडमिनने ठेकेदाराला फैलावर घेतलं, ठेकेदाराने ड्रायव्हरला. ड्रायव्हर काकांचं उत्तर एका वाक्याचं होतं : "साहेब, सव्वाआठला स्टेशन सोडून आठ अठराला बाजार चौकात पोचणारी गाडी मला दाखवा, मी तिच्यावर चढतो."

तक्त्यातल्या वेळा कुठून आल्या हे शोधल्यावर कळलं. एकूण वीस किलोमीटर, सरासरी वेग ताशी तीस, म्हणजे चाळीस मिनिटं. किलोमीटरला दोन मिनिटं. प्रत्येक थांब्याचं अंतर गुणिले दोन केलं आणि वेळ लिहिली. रुग्णालयापर्यंत चार किलोमीटर, आठ मिनिटं, म्हणून ८:२३. मार्ग आखणाऱ्या बहुतेकांचा हात पहिल्यांदा इकडेच जातो, कारण आकडे समोर असतात आणि भागाकार सोपा असतो.

ठेकेदाराच्या ट्रिप शीटवर मात्र वेगळं चित्र होतं. काका प्रत्येक थांबा सोडल्याची वेळ लिहीत होते आणि सेवा सुरू होण्याआधी ज्या रिकाम्या फेऱ्या मारल्या होत्या त्यांच्याही नोंदी होत्या. एरवीच्या दिवशी स्टेशन ते बाजार चौक हे जेमतेम दीड किलोमीटर जायला आठ मिनिटं लागत होती. पुढे रुग्णालयापर्यंत नऊ, उड्डाणपुलापर्यंत नऊ, टाकीपर्यंत नऊ, कमानीपर्यंत आठ आणि गेटपर्यंत सहा. एकूण एकोणपन्नास मिनिटं, माणसं चढायला लागणारा वेळ धरून. म्हणजे पहिल्या तुकड्यात बस ताशी बारा किलोमीटरने चालत होती आणि टाकी ते कमान या मोकळ्या रस्त्यावर साडेसदतीसने.

यातली खोच अशी की सरासरी वेग सुधारूनही भागत नाही. समजा तीसऐवजी खरा सरासरी वेग, ताशी साडेचोवीस, घेतला. एकूण वेळ आता बरोबर एकोणपन्नास मिनिटं येईल. पण उड्डाणपूल सात किलोमीटरवर, म्हणजे सतरा मिनिटांवर दाखवला जाईल, आणि बस तिथे पोचते सव्विसाव्या मिनिटाला. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर आणि मधल्या थांब्यावरचा माणूस रोज नऊ मिनिटं ताटकळत. वेळ अंतरावरून काढताच येत नाही. ती प्रत्येक तुकड्यावर, त्याच वेळेला, कामाच्या दिवशी बस चालवून मोजावी लागते. रविवारी दुपारी कारने केलेली फेरी यात धरू नये.

गुरुवारी जे झालं त्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. पहिले तीन दिवस उड्डाणपुलाखाली बस ८:२९ ऐवजी ८:४१ ला येत होती. तिथून चढणाऱ्या सात जणांनी साहजिकच आपलं घड्याळ जुळवून घेतलं आणि गुरुवारी त्यातले बरेच जण ८:३८ च्या सुमाराला आले. पण गुरुवारी शाळांना सुट्टी होती, रस्ता मोकळा होता आणि बस ८:३६ ला येऊन गेली. कागदावर बस सात मिनिटं उशिरा होती. तरीही माणसांची ती चुकली. ते तक्रार करायला आले तेव्हा त्यांना "सूचनेत ८:२९ लिहिलं होतं" असं उत्तर मिळालं. नियमाने ते बरोबर होतं, पण ज्या वेळेवर तीन दिवस बस आलीच नाही ती वेळ माणूस कशी पाळणार?

बस उशिरा येणं त्रासाचं असतं, पण छापलेल्या वेळेआधी सुटणं हे त्याहून वाईट. उशिरा आलेल्या बसने पाच-सात मिनिटं जातात. आधी सुटलेल्या बसने सगळी सकाळ जाते, कारण पुढची शटल नसते. आणि बस रोज ठरावीक मिनिटांनी उशिरा येत असेल, तर माणसांच्या मनात एक दुसरंच वेळापत्रक तयार होतं. मग ज्या दिवशी बस छापील वेळेच्या जवळ येते त्या दिवशी ती त्यांच्यासाठी लवकर आलेली असते.

म्हणून नवीन वेळा काढताना शेवटाकडून सुरुवात केली. पाळी नऊला. गेटपासून सिक्युरिटी ओलांडून पंचिंग मशीनपर्यंत चालत जायला पाच-सात मिनिटं. म्हणजे ज्या दिवशी रस्ता सगळ्यात वाईट असेल त्या दिवशीही बस गेटवर ८:५२ च्या आत हवी. ट्रिप शीटवरची वाईट दिवसाची फेरी छप्पन्न मिनिटांची होती. त्यामुळे स्टेशनवरून सुटायची वेळ ७:५५ ठरली आणि वाईट दिवशी गेटवर ८:५१.

वाईट दिवस आणि चांगला दिवस यांतला फरक कुठल्या तुकड्यात पडतो, हेही शीटवर स्पष्ट दिसत होतं. टाकीच्या पुढे रस्ता मोकळा, तिथे आठ आणि सहा मिनिटं रोजचीच. सगळा चढउतार पहिल्या चार तुकड्यांत होता. स्टेशन ते बाजार सहा ते दहा मिनिटं, बाजार ते रुग्णालय सात ते अकरा, पुढे उड्डाणपुलापर्यंत आठ ते अकरा, आणि टाकीपर्यंत आठ ते दहा. हा फरक वेळापत्रकात कुठेतरी मुरवायला हवा आणि तो मुरवायची जागा म्हणजे जिथे बस रस्ता न अडवता दोन-चार मिनिटं उभी राहू शकते असा थांबा.

बाजार चौकात तशी जागा नव्हती. पुलाखालीही नव्हती, मागून हॉर्न सुरू होतात. रुग्णालयाच्या कुंपणाजवळ मात्र बसला बाजूला घ्यायला खाचा होता आणि टाकीजवळ मोकळं मैदान. म्हणून बाजार चौक आणि उड्डाणपूल या दोन थांब्यांच्या वेळा मोकळ्या रस्त्याच्या हिशेबाने, म्हणजे लवकरच्या छापल्या. बस तिथे कधीच वेळेआधी पोचणार नाही आणि थांबून राहायची गरज पडणार नाही. रुग्णालय आणि टाकी यांच्या वेळा एरवीच्या दिवसाच्या हिशेबाने छापल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं की या दोन ठिकाणी घड्याळ बघून, छापील वेळ झाल्यावरच निघायचं.

आता तीन दिवस ताडून बघू. मोकळ्या दिवशी बस ७:५५ ला निघून ८:०१ ला बाजार चौकात, ८:०८ ला रुग्णालयात. तिथे चार मिनिटं थांबून ८:१२ ला निघते, पुलाखाली ८:२०, टाकीजवळ ८:२८. तिथे दोन मिनिटं थांबून ८:३० ला निघते, कमान ८:३८, गेट ८:४४. एरवीच्या दिवशी बाजार चौक ८:०३, रुग्णालय ८:१२, पूल ८:२१, टाकी ८:३०, कमान ८:३८, गेट ८:४४. वाईट दिवशी बाजार ८:०५, रुग्णालय ८:१६, पूल ८:२७, टाकी ८:३७, कमान ८:४५, गेट ८:५१. कुठल्याही दिवशी कोणाची बस छापील वेळेआधी सुटत नाही. जास्तीत जास्त वाट बघावी लागते सात मिनिटं, तीही वाईट दिवशी. गेटची वेळ एक आकडा म्हणून न छापता "८:४४ ते ८:५१" अशी छापली, म्हणजे नऊच्या मीटिंगला किती आधी पोचू हे ज्याचं त्याला समजतं.

वीस मिनिटं आधी उठावं लागणार म्हणून स्टेशनवरच्या मंडळींनी कुरकुर केली. ती मला रास्त वाटली. पण तेवढी मिनिटं आधीच्या तक्त्यातही लागतच होती, फक्त ती लेट पंचिंगच्या रूपाने जात होती.

थांबा म्हणजे कुठे उभं राहायचं

"सरकारी रुग्णालय" हे थांब्याचं नाव झालं, जागा नाही. रुग्णालयाला दोन गेट होती. पहिल्या दिवशी तिघं आपत्कालीन विभागाच्या गेटसमोर उभी होती, जिथे रुग्णवाहिकांमुळे बस थांबूच शकत नाही. उरलेली तिघं मुख्य गेटजवळ. दोन्हीकडची माणसं आपण बरोबर आहोत याच खात्रीने उभी होती.

नवीन सूचनेत प्रत्येक थांब्याला एक ओळ जोडली : कुठल्या खुणेजवळ आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूला. "मुख्य गेट ओलांडून पुढे, कुंपणाच्या भिंतीजवळ, कंपनीकडे जाणाऱ्या बाजूला." उड्डाणपुलासाठी "पुलाखाली, दुसऱ्या खांबाजवळ". बाजू लिहिणं महत्त्वाचं, कारण मध्ये दुभाजक असेल तर समोर दिसणाऱ्या बसपर्यंत पोचायलाही पाच मिनिटं लागतात. ज्या खुणा महिन्याभरात बदलतात त्या टाळल्या. होर्डिंग, टपरी, बांधकामाचा पत्रा यांच्या भरवशावर थांबा ठेवू नये. खांब, भिंत, गेट, टाकी या गोष्टी जागच्या हलत नाहीत.

संध्याकाळ

परतीच्या बसबद्दल मूळ सूचनेत एकच ओळ होती. त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की सकाळी जिथे चढलो तिथेच संध्याकाळी उतरायचं. पाच थांब्यांसाठी ते जवळपास खरं होतं, फक्त रस्त्याची बाजू बदलत होती. बाजार चौकाच्या लोकांना मात्र एकेरी रस्त्यामुळे साडेतीनशे मीटर अलीकडे, जुन्या पोस्टाच्या इमारतीजवळ उतरावं लागत होतं. चालायला चार-पाच मिनिटं. फार नाही, पण आधी माहीत असलं तर घरून न्यायला येणारा माणूस योग्य जागी उभा राहतो.

संध्याकाळच्या वेळांना सकाळचा नियम लावायचा नसतो. उतरणाऱ्या थांब्यावर कोणी बसची वाट बघत नसतं, म्हणून तिथे छापील वेळेपर्यंत थांबून राहायचं काहीच कारण नाही. माणसं उतरली की बस निघाली. म्हणून गेटवरून सुटायची वेळ पक्की, ६:१५, आणि बाकीच्या वेळा "अंदाजे" असं स्पष्ट लिहून दिल्या. सकाळच्या तक्त्यात "अंदाजे" हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही आणि संध्याकाळच्या तक्त्यात तो वगळायचा नाही, असं मी ॲडमिनला सांगितलं.

रात्री सव्वाबारा

सगळ्यात गंभीर प्रसंग शुक्रवारी रात्री घडला. दुसरी पाळी रात्री बारा वाजता सुटते. सोमवार ते गुरुवार बस सव्वाबाराला गेटवर हजर होती. शुक्रवारी पाळी सुटली, माणसं गेटवर आली आणि बस नव्हतीच. ठेकेदाराला फोन लावला तर तो झोपेतून उठून म्हणाला, "आज शनिवार आहे ना. ऑर्डर सोमवार ते शुक्रवारची आहे."

त्याचंही बरोबर होतं. सव्वाबारा वाजता तारीख बदललेली असते. शुक्रवारच्या पाळीची बस कॅलेंडरप्रमाणे शनिवारी सुटते. ठेकेदाराच्या ड्यूटी शीटवर "सोमवार ते शुक्रवार, ००:१५" असं चढवलं होतं. त्यामुळे दोन्ही टोकांना चूक झाली होती. रविवारची रात्र संपून सोमवार लागला तेव्हा, सेवा सुरू व्हायच्या दिवशीच सव्वाबाराला, बस रिकाम्या गेटवर येऊन गेली होती आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नोंद होती. ती त्याच दिवशी कोणी वाचली असती तर शुक्रवारची रात्र टळली असती. शेवटी सिक्युरिटी सुपरवायझरने कंपनीच्या दोन गाड्या काढून माणसांना घरी पोचवलं, त्यात पाऊण तास गेला.

सार्वजनिक वाहतुकीत हा प्रश्न जुना आहे. बस आणि रेल्वेची वेळापत्रकं ॲपना पुरवण्यासाठी जीटीएफएस नावाची जी मांडणी जगभर वापरली जाते, तिच्यात मध्यरात्रीनंतरच्या फेरीची वेळ आदल्याच सेवादिवसात चोवीसच्या पुढे मोजत लिहितात. म्हणजे शुक्रवारच्या सेवेतली रात्री सव्वाबाराची बस `24:15:00` अशी नोंदली जाते आणि ती शुक्रवारचीच राहते. कर्मचाऱ्यांच्या सूचनेत असं लिहिलं तर गोंधळ वाढेल. तिथे वार पाळीला जोडावा, घड्याळाला नाही. "शुक्रवारच्या दुसऱ्या पाळीनंतर, मध्यरात्रीनंतर १२:१५ (म्हणजे शनिवार लागल्यावर)" असं लिहिलं की वाचणाऱ्याला आणि बस पाठवणाऱ्याला एकच रात्र दिसते. ठेकेदाराला जाणाऱ्या ऑर्डरमध्येही तेच वाक्य जसंच्या तसं टाकायचं. सूचना आणि ऑर्डर वेगवेगळ्या शब्दांत लिहिल्या की असा एखादा शुक्रवार ठेवलेलाच असतो.

नवीन सूचना

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी जी सूचना निघाली ती अशी :

"शटल सेवा : सुधारित सूचना क्र. २. सोमवार दिनांक १७ पासून लागू. दिनांक ३ पासूनची सूचना रद्द.

सकाळ, नऊच्या पाळीसाठी. खालील वेळ ही त्या थांब्यावरून बस सुटण्याची आहे. बस या वेळेआधी सुटणार नाही. कृपया तीन मिनिटे आधी थांब्यावर यावे.

| थांबा व उभे राहण्याची जागा | कंपनी गेटपर्यंत, सकाळच्या मार्गाने (किमी) | सुटण्याची वेळ |
|---|---|---|
| रेल्वे स्टेशन : पूर्वेकडील दार, पार्किंगच्या भिंतीजवळ | २०.० | ७:५५ |
| बाजार चौक : पाण्याच्या हौदासमोर | १८.४ | ८:०१ |
| सरकारी रुग्णालय : मुख्य गेट ओलांडून, कुंपणाजवळ | १६.० | ८:१२ |
| उड्डाणपूल : पुलाखाली, दुसरा खांब | १३.० | ८:२० |
| पाण्याची टाकी : मैदानाचे गेट | ८.५ | ८:३० |
| वसाहतीची कमान : कमानीच्या आत | ३.५ | ८:३८ |

सर्व थांबे कंपनीकडे जाणाऱ्या बाजूला आहेत. कंपनी गेटवर पोहोचण्याची वेळ ८:४४ ते ८:५१. शटल उशिरा आल्यास तीतील प्रवाशांना लेट मार्क लागणार नाही. छापील वेळेनंतर दहा मिनिटांत बस न आल्यास ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करावा. कपातीचा टप्पा वरील अंतरानुसार.

संध्याकाळ. कंपनी गेटवरून ६:१५ ला सुटेल. उतरण्याच्या वेळा अंदाजे : कमान ६:२१, टाकी ६:३०, उड्डाणपूल ६:४१, रुग्णालय ६:५३, जुने पोस्ट (बाजार चौकासाठी) ७:००, स्टेशन ७:०८. उतरण्याची जागा सकाळच्या समोरच्या बाजूला.

दुसरी पाळी. सोमवार ते शुक्रवारच्या प्रत्येक दुसऱ्या पाळीनंतर, मध्यरात्रीनंतर १२:१५ वाजता. शुक्रवारच्या पाळीनंतरची बसही सुटेल (शनिवार लागल्यावर)."

यात दोन गोष्टी नंतरच्या चर्चेतून आल्या. एक म्हणजे लेट मार्कचं वाक्य. एचआरची त्याला सुरुवातीला तयारी नव्हती. पण कंपनीची बस कंपनीच्या वेळेवर पोचली नाही तर तो भार कर्मचाऱ्याने का सोसायचा, हा प्रश्न युनियनने विचारला आणि एचआरने मान्य केला. गेटवरचं रजिस्टर बस पोचल्याची वेळ लिहितं, त्यामुळे पडताळणीही सोपी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे "दहा मिनिटांत न आल्यास". वाईट दिवसाचा उशीर सात मिनिटांपर्यंतच असल्यामुळे दहाच्या पुढे काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं. त्याआधी फोन केला तर डेस्कवर "येतेय" याशिवाय सांगण्यासारखं काही नसतं. फार नंतर केला तर माणसाला दुसऱ्या सोयीने वेळेत पोचता येत नाही.

"रद्द" हा शब्द ठळक ठेवायला मी आग्रह धरला. पहिल्या सूचनेचा फोटो आठवडाभर प्रत्येक विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता आणि फोटो कोणी मागे घेत नाही. नवीन कामावर आलेल्या माणसाला जुन्या ग्रुपमधून कोणीतरी तोच फोटो पाठवतं आणि तो सव्वाआठला स्टेशनवर जाऊन उभा राहतो. म्हणून क्रमांक आणि लागू होण्याची तारीख शीर्षकातच ठेवली, म्हणजे फोटो कापला तरी ती त्यात राहते. पुढे पुलाखालच्या कामामुळे थांबा पुढच्या सिग्नलपाशी हलवावा लागला, तेव्हाही "उड्डाणपूल थांब्यात बदल" असं दोन ओळींचं पत्रक न काढता सगळा तक्ता नव्याने छापून सूचना क्र. ३ काढली. त्या दिवशी ट्रान्सपोर्ट डेस्कला दोनच फोन आले, आणि दोन्ही सूचना क्र. २ चा फोटो बघून केलेले होते.